क्लाउडचं बिल रोज सकाळी पाहण्याची सवय: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

आमची कोल्हापुरातली पाच जणांची कंपनी दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर बनवते. सगळं एडब्ल्यूएसच्या मुंबई रिजनमध्ये चालतं आणि महिन्याचं बजेट कराशिवाय ९०० डॉलर आहे. गेले आठ महिने आम्ही रोजचा खर्च पाहतोय. त्यासाठी एडब्ल्यूएस बजेट्सचे अलर्ट आहेत आणि जोडीला आम्ही लिहिलेली छोटी स्क्रिप्ट. दोन्ही वापरून जे कळलं ते लिहितो.

बजेट्स सगळ्यांनी पहिल्या दिवशीच लावावं, कारण साध्या अलर्टला पैसे पडत नाहीत. त्यात दोन प्रकारचे अलर्ट असतात. झालेला खर्च ठरावीक टक्के ओलांडतो तेव्हा एक येतो आणि महिनाअखेरचा अंदाज बजेट ओलांडतो तेव्हा दुसरा. आम्ही पहिला ८० टक्क्यांवर आणि दुसरा १०० टक्क्यांवर ठेवलाय. मात्र अंदाज बांधायला त्याला साधारण पाच आठवड्यांचा जुना वापर लागतो, म्हणजे नव्या खात्यात पहिला महिनाभर त्याच्या भरवशावर राहता येत नाही. शिवाय अलर्ट हा फक्त निरोप आहे. वेगळी अ‍ॅक्शन जोडली नसेल तर मर्यादा ओलांडली तरी सर्व्हर चालू राहतात आणि मीटर पळत राहतं.

स्क्रिप्ट लिहायचं खरं कारण वेगळं होतं. मर्यादा ओलांडली जाणार एवढं कळून भागत नव्हतं, कशामुळे हे त्याच मेसेजमध्ये हवं होतं. रोज सकाळी साडेनऊला ती हे मागवते:

```
aws ce get-cost-and-usage \
  --time-period Start=2025-09-01,End=2025-09-11 \
  --granularity DAILY --metrics UnblendedCost \
  --filter file://filter.json \
  --group-by Type=DIMENSION,Key=SERVICE
```

यात `End`ची तारीख धरली जात नाही, म्हणजे वरचे आकडे १० तारखेपर्यंतचे. `filter.json`मध्ये क्रेडिट, रिफंड आणि टॅक्स वगळलेत:

```
{"Not":{"Dimensions":{"Key":"RECORD_TYPE",
 "Values":["Credit","Refund","Tax"]}}}
```

क्रेडिट वगळणं फार गरजेचं आहे. स्टार्टअपसाठी मिळालेली क्रेडिट शिल्लक असतील तर निव्वळ खर्च शून्याजवळ दिसतो, आणि ती संपल्यावर खरा आकडा एकदम अंगावर येतो. वरच्या कमांडने एकदा आकडे मागवायला एक सेंट पडतो, म्हणजे महिन्याला तीसेक सेंट.

अंदाजाचं गणित मात्र आम्ही आधी चुकवलं. झालेला खर्च भागिले झालेले दिवस गुणिले ३० असं सरळ केलं होतं. आमच्या डेटाबेसच्या रिझर्व्ह्ड इन्स्टन्सचे १५० डॉलर १ तारखेलाच पूर्ण पडतात. बाकी रोजचे २३. दोन दिवसांचे झाले १९६ आणि स्क्रिप्टने महिनाअखेरचा अंदाज सांगितला २,९४० डॉलर! दोन महिने दर १ तारखेनंतर असा मेसेज आला आणि टीमने तो वाचणं सोडलं. खोट्या इशाऱ्याचं नुकसान हेच असतं.

आता आजवर झालेला खर्च तसाच धरतो आणि उरलेल्या दिवसांना शेवटच्या तीन पूर्ण दिवसांची सरासरी लावतो. एक तारखेचा मोठा आकडा सरासरीत येऊ नये म्हणून पहिल्या चार दिवसांचे पूर्ण आकडे हाती येईपर्यंत अंदाज देतच नाही. दूध रोज येतं, त्यामुळे आम्हाला तीन दिवस पुरतात. शनिवार-रविवारी ज्यांचा वापर पडतो त्यांनी सात दिवसांची सरासरी घ्यावी, नाहीतर दर आठवड्याच्या सुरुवातीला अंदाज खाली गेलेला दिसेल.

सप्टेंबरमध्ये या गणिताची परीक्षा झाली. एका संघाच्या केंद्रांवरून फॅटचे आकडे मधूनच शून्य येत होते. कारण शोधायला आमच्यातल्या एका मुलाने १० तारखेला सकाळच्या संकलनाआधी डीबग लॉग चालू केले. दुधाच्या प्रत्येक नोंदीची अख्खी रिक्वेस्ट लॉगमध्ये उतरू लागली, दिवसाला ४० जीबी. मुंबईत क्लाउडवॉचमध्ये लॉग घेण्याचा दर जीबीला सुमारे ०.६७ डॉलर आहे, म्हणजे रोजचे २७ डॉलर जास्त. रोजचा खर्च २३ वरून ५० वर गेला. ॲप व्यवस्थित चालत होतं, सर्व्हरवर ताण नव्हता, त्यामुळे दुसरीकडे कुठे काही दिसायचं कारणच नव्हतं.

१२ तारखेच्या सकाळी मेसेज आला:

```
१० सप्टेंबरअखेर: ४०७ डॉलर
महिनाअखेर अंदाज: १०४७ (बजेट ९००)
सर्वांत मोठी वाढ: AmazonCloudWatch, रोज +२७
```

आदल्या दिवशीपर्यंत हाच अंदाज ८४० होता. "दादा, ते लॉग मीच चालू केलेत, बंद करायचे राहिले," असा त्याचा फोन पाच मिनिटांत आला. कुणाला विचारत बसावं लागलं नाही, कारण सेवेचं नाव समोर होतं. दहाच्या सुमारास लॉग बंद झाले. अडीच दिवसांचे ६७ डॉलर गेले आणि महिना ९०७ वर संपला, बजेटपेक्षा ७ जास्त. फक्त ८० टक्क्यांच्या अलर्टवर बसलो असतो तर ७२० चा आकडा १७ तारखेला ओलांडला असता. कुणीच पाहिलं नसतं तर महिनाअखेर १,४०० च्या वर.

१० तारखेचा घोळ १२ ला का कळला, हेही सांगायला हवं. बिलाचा दिवस यूटीसीनुसार चालतो, आपल्याकडे सकाळी साडेपाचला संपतो. वापराचे आकडे त्यानंतर काही तासांनी भरतात, बजेट्सची माहितीसुद्धा दिवसातून जास्तीत जास्त तीनदाच ताजी होते. साडेनऊला कालचा आकडा अर्धवट असतो आणि खर्च कमी झाल्यासारखा वाटतो, म्हणून आम्ही कालचा दिवस सोडूनच देतो. दीड-दोन दिवसांचा हा उशीर गृहीत धरावा लागतो. चोरीला गेलेल्या कीवरून रातोरात शंभर मशिन सुरू झाली तर ही पद्धत उपयोगाची नाही. त्यासाठी खात्याचा कोटा कमी ठेवणं हाच आधार.

मेसेज रोज यावा, सगळं ठीक असेल तरीही. नोव्हेंबरमध्ये स्क्रिप्टच्या परवानग्या बदलल्या गेल्या आणि ती नऊ दिवस गप्प होती. तेव्हा आम्ही फक्त धोका असेल तरच मेसेज पाठवत होतो, त्यामुळे ती शांतता आम्हाला चांगली बातमी वाटली. आता साडेनऊला मेसेज आला नाही की कुणीतरी लगेच विचारतं.

रोज वाचण्याचा आणखी एक फायदा डिसेंबरमध्ये झाला. अंदाज ८७० वर होता, कुठलाच अलर्ट वाजला नव्हता, पण `EC2 - Other` ही ओळ आठवडाभर रोज थोडी वाढत होती. आत पाहिलं तर नॅट गेटवे. केंद्रांवरच्या पावत्यांचे फोटो, रोज ३० जीबी, त्यातून एस-थ्रीकडे जात होते. जीबीला ०.०५६ डॉलर, म्हणजे महिन्याला पन्नासेक. एस-थ्रीचा गेटवे एंडपॉइंट फुकट असतो. तो जोडून रूट टेबलमध्ये टाकायला वीस मिनिटं लागली आणि तिसऱ्या दिवशीच्या मेसेजमध्ये ती ओळ खाली आली.

आता मार्चपासून आणखी एक संघ जोडला जाणार आहे. त्यांच्या केंद्रांमुळे रोजचे चारेक डॉलर वाढतील असा हिशेब आहे, म्हणून बजेटचा आकडा फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशीच १,०२० करून ठेवणार आहे.