युरोपच्या व्हॅट टिपांचा एकपानी मराठी सारांश: काही महिने वापरल्यानंतर

युरोपियन कमिशनने सप्टेंबर २०२० मध्ये ई-कॉमर्सच्या व्हॅट नियमांवर स्पष्टीकरणाच्या टिपा काढल्या. नियम १ जुलै २०२१ पासून लागू झाले. मजकूर जाडजूड आहे, आणि युरोपातल्या ग्राहकांना थेट पार्सल पाठवणाऱ्या छोट्या व्यावसायिकाला त्यातून एकच गोष्ट ठरवायची असते: आयओएसएस, म्हणजे आयात मालाचा व्हॅट विक्रीच्या वेळीच घेऊन एकाच ठिकाणी भरायच्या योजनेत, नोंदणी करायची की नाही. त्यासाठी बनवलेला एकपानी मराठी सारांश आम्ही काही महिने कामात वापरतोय.

पहिली बाब मांडणीची. मूळ टिपांच्या क्रमाने केलेला सारांश मालकाच्या कामाचा नसतो, कारण तिथे व्याख्या आणि ऑनलाइन बाजारपेठांचे नियम आधी येतात. आमचं पान 'हे तुम्हाला लागू आहे का' इथून सुरू होतं. माल युरोपीय संघाबाहेरून येतो का, ग्राहक घरगुती आहे का, एका पार्सलमधल्या मालाची किंमत १५० युरोच्या आत आहे का आणि माल दारू-तंबाखूसारखा अबकारी नसलेला आहे का? चारही उत्तरं 'हो' आली तरच पुढे वाचायचं. विक्री मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेतून होत असेल तर अशा पार्सलचा व्हॅट ती बाजारपेठच भरते. मालकाने फक्त तिचा आयओएसएस क्रमांक कुरिअरला द्यायचा. निम्म्या वाचकांचा प्रश्न इथेच सुटू शकतो, म्हणून ही ओळ वरच हवी.

सगळ्यात जास्त जागा मात्र १५० युरोच्या हिशोबाला द्यावी लागते. 'दीडशे युरोपर्यंतच्या ऑर्डरी' असं लिहून मोकळं झालं की सारांश चुकलाच. मर्यादा मोजताना मालाची निव्वळ किंमत धरतात. पाठवणीचा खर्च इन्व्हॉइसवर वेगळा दाखवला असेल तर तो वगळतात, पण व्हॅट मात्र पाठवणी धरून एकूण रकमेवर लागतो. जर्मनीतल्या ग्राहकाला १४० युरोची बॅग पाठवायची आहे आणि पाठवणीचे २० युरो आहेत, असं समजा. दोन्ही वेगळ्या ओळीत लिहिले तर मर्यादेसाठी १४० धरले जातात, म्हणजे आयओएसएस चालतं. १९ टक्के व्हॅट १६० वर, म्हणजे ३०.४० युरो, आणि ग्राहक एकूण १९०.४० देतो. तीच बॅग 'पाठवणीसह १६०' अशी एका ओळीत लिहिली की मालाची किंमतच १६० ठरते. मग आयओएसएस चालत नाही, व्हॅट आयातीच्या वेळी वसूल होतो आणि विक्रेत्याने आधीच घेतला असेल तर ग्राहकाला तो दोनदा भरावा लागतो. 'दारात पुन्हा कर का मागितला?' अशी तक्रार आली की आधी इन्व्हॉइस उघडून पाहा.

दुसरी अडचण पॅकिंगच्या टेबलावर होते. एका ग्राहकाने सोमवारी ९० युरोचा आणि बुधवारी ८० चा माल मागवला, दोन्ही वेळा व्हॅट घेतला आणि पाठवणीचे पैसे वाचवायला सगळं एका खोक्यात भरलं. आता ते १७० युरोचं एकच पार्सल झालं, मर्यादेबाहेरचं. वेगवेगळ्या ऑर्डरी वेगवेगळ्या पाठवल्या असत्या तर दोन्ही मर्यादेत बसल्या असत्या. याच्या उलट, एकच ऑर्डर कर टाळायला फोडल्याचा सबळ संशय आला तर कस्टम्स ती एकत्र धरू शकतं. हा भाग आम्ही वेगळ्या कागदावर छापतो, कारण खोकं भरणारा माणूस सारांश वाचत नाही.

निर्णयाच्या भागात सक्ती आणि मर्जी वेगळी हवी. आयओएसएस ऐच्छिक आहे. नोंदणी केली की मात्र दर महिन्याला विवरणपत्र पुढच्या महिन्याअखेरपर्यंत भरायचं, विक्री शून्य असली तरी. नोंदी दहा वर्षं जपायच्या. भारतातल्या विक्रेत्याला युरोपीय संघातला मध्यस्थ नेमावाच लागतो. करासाठी तोही जबाबदार असल्यामुळे शुल्कासोबत अनामत किंवा हमी लागेल का, हे आधीच विचारून घ्यावं. नोंदणी नको असेल तर टपाल किंवा कुरिअर कंपनी ग्राहकाकडून व्हॅट वसूल करते आणि बहुधा वर हाताळणीचे पैसे लावते. महिन्याला मोजकी पार्सलं जात असतील तर आम्ही हाच मार्ग सुचवतो, फक्त ग्राहकाला खरेदीच्या पानावरच तसं सांगावं. पार्सलं वाढली की मध्यस्थाचं शुल्क पार्सलांच्या संख्येने भागून हाताळणीच्या पैशांशी ताडायचं.

पानाच्या मर्यादाही आहेत. देशोदेशीचे आणि वस्तूंनुसारचे दर त्यात मावत नाहीत. मूळ टिपाही कायद्याने बंधनकारक नाहीत, तसं त्यांत लिहिलेलंच आहे. म्हणून प्रत्येक विधानापुढे मूळ परिच्छेदाचा क्रमांक देतो, म्हणजे सल्लागाराला नेमकी जागा सापडते. सीमाशुल्काची १५० युरोपर्यंतची सवलत हा निराळा नियम आहे आणि तो बदलतो आहे. तो व्हॅटच्या वाक्यात न मिसळता वेगळ्या ओळीत, तपासल्याच्या तारखेसह ठेवा, म्हणजे बदल झाला की तेवढीच ओळ दुरुस्त करता येते.