घरी शिकवायला शिक्षक हवेत: त्या एका मेसेजचा सहा-सात महिन्यांनंतरचा अनुभव

लेकीला घरी येऊन शिकवणारं कुणीतरी हवं होतं, म्हणून जो मेसेज टाकला होता तो आधी जसाच्या तसा देते. पुढचं सगळं त्यातल्या ओळींबद्दलच आहे.

"सातवीतल्या मुलीला घरी येऊन गणित शिकवणारे शिक्षक किंवा शिक्षिका हव्या आहेत. अपूर्णांक, ऋण संख्या आणि समीकरणं इथे ती अडते, बाकीचं ती स्वतः करते. विज्ञान फक्त परीक्षेआधी, गरज पडली तर. शाळेचा गृहपाठ करून घेणं अपेक्षित नाही. सोमवार, बुधवार, शुक्रवार, संध्याकाळी साडेपाच ते पावणेसात. फी तासावर, महिनाअखेरीस. आदल्या रात्रीपर्यंत आम्ही रद्द केलं तर फी नाही, त्यानंतर केलं तर पूर्ण फी. एक ट्रायल क्लास, त्याचीही फी देऊ. पहिला महिना दोन्ही बाजूंनी अजमावण्याचा, आठवडाभर आधी सांगून कुणालाही थांबता येईल. क्लासच्या वेळी घरात मोठं माणूस असेल. उत्तर देताना एवढं जरूर लिहा: या वयाच्या मुलांना अपूर्णांकात नेमकं कुठे अडतं, असं तुम्हाला दिसलंय?"

फीच्या ओळीत आम्ही किमान आणि कमाल आकडाही लिहिला होता, तो इथे गाळलाय. मुलीचं नाव, शाळेचं नाव आणि घराचा पूर्ण पत्ता मेसेजमध्ये मुद्दाम नव्हता. असा मेसेज कुणाकुणाकडे पुढे जाईल ते आपल्या हातात नसतं. पत्ता ट्रायल ठरल्यावर फोनवर दिला.

सगळ्यात जास्त कामाला आली ती शेवटची, प्रश्नाची ओळ. "इंटरेस्टेड, फी सांगा" एवढंच लिहिणारे बरेच होते. प्रश्नाकडे बघितलंच नव्हतं, म्हणजे मेसेज पूर्ण वाचलेला नव्हता, त्यांना पुढे फोन केला नाही. काहींनी पदव्या आणि वर्षांचा अनुभव लिहिला, पण प्रश्नाचं उत्तर नाही. मोजक्या लोकांनी खरंच उत्तर दिलं. एका मॅडमचं उत्तर असं होतं: "मुलं वरचा आणि खालचा आकडा दोन वेगळ्या संख्या समजतात. अपूर्णांक ही मिळून एकच संख्या आहे, हे मनात बसलेलंच नसतं. म्हणून बेरीज करताना वरचे वरच्यांत आणि खालचे खालच्यांत मिळवतात." आमच्या वहीत नेमकं हेच पानोपानी होतं. अर्थात चांगलं लिहिणारा चांगलं शिकवेलच असं नाही, पण कुणाला ट्रायलला बोलवायचं हे ठरवायला एवढं पुरलं.

ट्रायल क्लासची फी देऊ, असं लिहिण्यावर घरात जरा वाद झाला होता. डेमो फुकटच असतो, असं घरच्यांचं म्हणणं. पण घरी येणाऱ्या शिक्षकाचा जाण्या-येण्याचा वेळ धरला तर एका डेमोत अख्खी संध्याकाळ जाते. शिवाय फुकटच्या डेमोत शिक्षक आपली जाहिरात करतो, आणि मग त्यात बघण्यासारखं काही उरत नाही. फी दिली की "रोज शिकवाल तसंच शिकवा" असं मोकळेपणानं सांगता येतं, आणि नकार देतानाही जड जात नाही.

ट्रायलमध्ये काय बघायचं ते आधी ठरवून ठेवलं होतं. आलेल्या दोघांसमोर तिच्या वहीतलं एकच चुकलेलं गणित ठेवलं: 2/3 + 1/4, आणि तिचं उत्तर 3/7.

पहिले आलेले सर हुशार होते आणि बोलायलाही छान. त्यांनी चूक बघितली, लगेच कोरं पान घेतलं, छेद समान करायची रीत दाखवली, 8/12 आणि 3/12 मिळून 11/12 आणलं आणि तशीच पाच गणितं घातली. लेकीनं पाचही बरोबर सोडवली. बघणाऱ्याला वाटावं, काम झालं.

मॅडमनी मात्र पेन हातात घेतलंच नाही. त्यांनी विचारलं, "तुझं उत्तर अर्ध्यापेक्षा जास्त आहे की कमी?" लेक म्हणाली, कमी. "आणि आपण सुरुवात कशानं केली होती? दोन तृतीयांश. ते अर्ध्यापेक्षा जास्त की कमी?" जास्त. मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. शेवटी लेकच म्हणाली, "मिळवल्यावर कमी कसं होईल?" त्या तासात गणितं जेमतेम तीन झाली. छेद समान करायची वेळ आली तेव्हा मात्र ती रीत कशासाठी हवी, हे तिला आधीच कळलेलं होतं.

फरक आठवड्यानं दिसला, आणि तो बघायचा असं आधीच ठरवलेलं होतं. दोन्ही ट्रायल वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीनंतर काही दिवसांनी, काही न सांगता, तिला तशाच धर्तीचं एक गणित दिलं. सरांच्या तासानंतर ती पुन्हा वरचे वर, खालचे खाली मिळवून मोकळी झाली. मॅडमच्या तासानंतर छेद समान करताना चुकली, पण उत्तर लिहिल्यावर थांबली आणि म्हणाली, "हे एवढं कमी येणार नाही." मॅडमचा क्लास दुसरा होता, त्याचा थोडा फायदा त्यांना मिळाला असणार, हे मान्य. तरी आपलं उत्तर आपणच तपासायची सवय आधी नव्हती, ती त्या एका तासानं सुरू झाली. म्हणून ट्रायल घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं: निर्णय त्याच दिवशी सांगू नका, आठवडा मागून घ्या. ट्रायलच्या दिवशी मुलं खूश असतात आणि "छान शिकवतात" म्हणतात, त्यावरून काही कळत नाही.

ट्रायलची मर्यादाही आहे. शिक्षक वेळ पाळतो का, कंटाळवाण्या धड्यात टिकतो का, मूल चिडलं की काय करतो, हे एका तासात दिसत नाही. त्यासाठी अजमावण्याच्या महिन्याची ओळ होती. ती वापरायची वेळ आली नाही, पण मॅडम नंतर म्हणाल्या की त्या ओळीमुळेच त्यांनी हो म्हटलं. नाहीतर पालक मध्येच एक दिवस फोन उचलायचा बंद करतात, हा त्यांचा अनुभव.

आता फी. "योग्य फी दिली जाईल" या ओळीला अर्थ नसतो, आकडा लिहावा. महिन्याची ठोक फी की तासावर, हा खरा प्रश्न. सोमवार-बुधवार-शुक्रवार धरले तर 28 दिवसांच्या महिन्यात 12 तास येतात, आणि 31 दिवसांचा महिना सोमवारी सुरू झाला तर 14. ठोक फीमध्ये एवढा फरक दोघंही चालवून घेतात. अडतं ते सुट्ट्या, आजारपण आणि परीक्षेच्या दिवसांत. मग "या महिन्यात नऊच तास झाले" हे कुणी बोलायचं, यावर मनं कडू होतात. तासावर फी असेल तर कॅलेंडरवर खूण करायची, महिनाअखेरीस मोजायचं, संपलं. आमच्याकडे खूण मॅडम स्वतः करतात, क्लास संपला की लगेच. त्यामुळे आजतागायत हिशोबावरून एक शब्द झालेला नाही.

पण तासावरच्या फीत शिक्षकाच्या बाजूनं एक भोक आहे, ते मॅडमनीच दाखवलं. मोठ्या सुट्टीत आम्ही महिनाभर क्लास बंद ठेवला तर त्यांची कमाई शून्य, आणि ती वेळ आमच्यासाठी अडकलेली. त्यांनी विचारलं, "सुट्टीत मी ही वेळ दुसऱ्या मुलाला दिली तर चालेल का?" चालणार नव्हतं, कारण मग सुट्टी संपल्यावर ती परत मिळालीच नसती. शेवटी ठरलं की लांबची सुट्टी महिनाभर आधी सांगायची आणि सुट्टीत आठवड्याला एक तास चालू ठेवायचा. आणि त्यांच्याकडून तास बुडला तर तो पुढच्या पंधरा दिवसांत भरून काढायचा, नाहीतर धरायचा नाही. मूळ मेसेजमध्ये फक्त आम्ही रद्द केलं तर काय एवढंच होतं, त्यांनी रद्द केलं तर काय ते नव्हतं. नव्यानं लिहिणाऱ्यांनी दोन्ही बाजू लिहाव्यात.

गृहपाठाची ओळ वाचून काहींना आम्ही शिष्ट वाटलो असू. पण ती नसती तर सव्वा तासातला निम्मा वेळ शाळेच्या वहीत गेला असता. सुरुवातीला लेकीनं प्रयत्न करून पाहिला, "टीचर, हे उद्या द्यायचंय." मॅडमनी गोड बोलून वही मिटली आणि म्हणाल्या, "अडलेलं एक गणित सांग, बाकीचं तुझं." आता ती अडलेल्या गणितावर खूण करून ठेवते.

दिवस आणि वेळेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. एक दिवसाआड ठेवल्यामुळे दिलेला सराव करायला मधला दिवस मिळतो, लागोपाठच्या तीन दिवसांत तो मिळाला नसता. सव्वा तास तिला पुरतो, शेवटची दहा मिनिटं ती दमलेली असते. विज्ञानाची ओळ मात्र वाया गेली. "गरज पडली तर" वाचून दोन्ही विषय शिकवणाऱ्यांनीच जास्त उत्तरं दिली, आणि गरज काही पडली नाही.

गुणांचं विचाराल तर पहिल्या परीक्षेत ते जवळपास होते तिथेच राहिले. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं, कारण त्या मागचे धडे भरून काढत होत्या आणि परीक्षा नव्या धड्यांवर होती. त्या काळात मी गुणांऐवजी चुका बघत होते. आधी तिच्या वहीत 3(x − 4) चं 3x − 4 व्हायचं आणि ते तिला दिसायचं नाही. आता कधीकधी तसंच होतं, पण शेजारी तिनंच x च्या जागी 5 घालून बघितलेलं असतं: एकीकडे 3, दुसरीकडे 11, आणि मग खोडलेलं. दुसऱ्या परीक्षेत गुण वाढले, ते नंतर.

फीवाढ कधी आणि कशी, यावर आमच्या मेसेजमध्ये काहीच नव्हतं. तो विषय मॅडमनी परवा काढला, थोडं अवघडूनच. ठरलं असं की वाढ नव्या इयत्तेच्या सुरुवातीलाच करायची, वर्षाच्या मध्ये नाही, आणि त्या आकडा महिनाभर आधी सांगतील. आठवीला तासही पावणेसातऐवजी सातपर्यंत न्यायचा म्हणतायत, त्यावर आमचं बोलणं अजून चालू आहे.