पहिल्या असेंब्लीनंतर एडिटरला काय पाठवावं: टाइमकोडची यादी की प्रसंगवार पत्र?

शूटिंग संपलं, एडिटरने सगळे प्रसंग पटकथेच्या क्रमाने लावून दिले आणि सव्वादोन तासांची अपेक्षा असलेला सिनेमा तीन तासांचा होऊन समोर आला. पहिली असेंब्ली अशीच असते. तिच्यात शूट केलेलं जवळजवळ सगळं असतं, आवाज कच्चा असतो, संगीत नसतं. ती बघून दिग्दर्शकाने एडिटरला नोट पाठवायची असते. आपल्याकडे ती तीन तऱ्हांनी जाते: टाइमकोड टाकून केलेली यादी, प्रसंगवार लिहिलेलं पत्र आणि अंधेरीहून चर्चगेटला येताना लोकलमधून पाठवलेले व्हॉट्सअ‍ॅपचे व्हॉइस मेसेज. तिसऱ्याबद्दल इतकंच, की नऊ मिनिटांच्या बोलण्यातून एक वाक्य शोधायला एडिटरला ते परत नऊ मिनिटं ऐकावं लागतं. खरी निवड पहिल्या दोनांतच आहे.

फरक कळायला एक काल्पनिक प्रसंग घेऊ. प्रसंग ३४, गिरगावातली चाळ. मुलगा घरी येऊन वडिलांना, म्हणजे अण्णांना सांगतो की पुनर्विकासाच्या संमतीपत्रावर त्याने सही केली आहे. पटकथेत अडीच पानं, असेंब्लीत ४ मिनिटं १० सेकंद. बघताना प्रसंग रेंगाळतो आणि अण्णा जरा चढे वाटतात.

यादी लिहिणारा दिग्दर्शक हे असं लिहील:

```
00:58:14  पॉज कमी कर
00:58:41  इथे पण पॉज कमी
00:59:20  अण्णा लाउड, दुसरा टेक?
01:00:05  मुलाचा क्लोजअप लवकर
```

एडिटर सांगितल्याप्रमाणे करतो. पॉज कापून पंधरा सेकंद वाचतात, प्रसंग ३ मिनिटं ५५ सेकंदांवर येतो आणि तरीही रेंगाळतो. शिवाय सही झाल्याचं ऐकल्यावर अण्णा ‘बरं’ म्हणण्याआधी गप्प राहतात, ती जागाही कापली जाते. प्रसंगात जपण्यासारखं तेवढंच होतं.

पत्र लिहिणाऱ्याला आधी बघावं लागतं की कंटाळा कुठून आला. प्रसंग ३१ मध्ये मुलगा बिल्डरच्या ऑफिसात सही करताना आपण पाहिलेला आहे. मग ३४ मध्ये तो दारातून येतो, चपला काढतो, पाणी पितो आणि अण्णांना सगळं पहिल्यापासून सांगतो. अण्णांना ते नवीन असेल, पण प्रेक्षकाला माहीत आहे. लय ढिली झाली आहे ती पॉजमुळे नाही, माहिती दुसऱ्यांदा आल्यामुळे. पत्रातला मजकूर मग असा होतो:

"प्रसंग ३४. अण्णा ‘कुठे सही केलीस?’ विचारतात तिथपर्यंत मला नवं काही कळत नाही. एकतर तिथूनच सुरू करून बघ, नाहीतर ३१ मधली सही काढ आणि ती बातमी मलाही अण्णांबरोबरच कळू दे. दोन्ही करून दाखव. ‘बरं’च्या आधीचा पॉज मात्र ठेव. तो मला लांब वाटत नाही, त्याच्या आधीचं लांब वाटतं."

यात कुठे काप हे सांगितलेलं नाही. काय जाणवलं, कशामुळे जाणवलं असावं आणि कशाला हात लावायचा नाही, हे सांगितलं आहे. पहिला पर्याय लावला तर प्रसंग अडीच मिनिटांच्या आसपास येतो आणि तोच पॉज अंगावर येतो, कारण आता त्याच्याआधी भरताड नाही. दुसऱ्या पर्यायात ३४ ची लांबी फारशी बदलणार नाही, पण वजन बदलेल. हा निर्णय यादीतून निघूच शकत नाही, कारण यादी एका वेळी एकाच ठिकाणाकडे बघते.

टाइमकोडची आणखी एक अडचण साधी आहे. ५८व्या मिनिटाच्या आधी कुठेही चाळीस सेकंद कमी झाले की पुढचे सगळे आकडे सरकतात. यादी त्या एका व्हर्जनपुरतीच खरी असते. म्हणून कुठलीही नोट लिहा, वर असेंब्लीची तारीख आणि प्रत्येक मुद्द्याला प्रसंग क्रमांक हवाच.

लयीबद्दल लिहायच्या आधी एक खात्री करून घ्यावी. असेंब्लीत चाळीचा आवाज नसेल, म्हणजे खालची वर्दळ, शेजारचा कुकर, कुणाचा तरी टीव्ही, तर शांत प्रसंग असतो त्याहून लांब वाटतो. शंका आली तर एडिटरला तात्पुरता आवाज टाकायला सांगा आणि पुन्हा बघा. अर्ध्या तक्रारी तिथेच गळतात, असा माझा अनुभव आहे.

अभिनयाच्या बाबतीत मात्र पत्र एकटं पुरत नाही. "अण्णा लाउड वाटतात" यातून एडिटरच्या हाती काही लागत नाही. कुठल्या तुलनेत लाउड? ते प्रसंग २० मध्ये एकदा ओरडून झाले आहेत. ३४ मध्ये त्याच पट्टीत बोलले तर माणूस पुढे सरकला नाही असं वाटतं. म्हणून आधी हे एक वाक्य लिहावं: २० मध्ये आवाज, ३४ मध्ये हार. मग टेककडे यावं आणि इथे यादीसारखा नेमकेपणा लागतोच: "क्लोजअपचा टेक ५, ‘बरं’ बघ. आवाज खाली आहे, नजर मुलाकडे नाही."

असं लिहिण्याआधी कन्टिन्युइटी शीट उघडून बघा. समजा टेक ५ मध्ये अण्णांच्या डोळ्यांवर चष्मा आहे आणि असेंब्लीत वापरलेल्या टेक २ मध्ये तो हातात आहे. मग थेट जोडलं की चष्मा उडी मारतो. वाट असते: मधल्या वाक्यावर मुलाचा चेहरा ठेवायचा, अण्णांचा आवाज टेक ५ मधला त्यावर घ्यायचा आणि परत येईपर्यंत चष्मा डोळ्यांवर गेलेला चालतो. पण हे क्लोजअप किंवा खांद्यावरून घेतलेले शॉट असतील तरच. दोघंही एकाच फ्रेममध्ये असतील तर वाक्यांमधलं अंतर कमी करता येत नाही, कारण एकाचा पॉज कापला की दुसऱ्याची हालचालही कापली जाते. कॅमेरा अगदी स्थिर असेल आणि दोघं एकमेकांच्या आड येत नसतील तर फ्रेम उभी दुभंगून वेगवेगळे टेक जोडता येतात, पण असेंब्लीनंतरच्या पहिल्या नोटेत ते मागू नये. प्रसंगच राहणार की नाही हे ठरलेलं नसतं.

तर निवड कशी करायची? एडिटर सेटवर नव्हता आणि कथेच्या रचनेबद्दल तुम्हालाच शंका असेल, तर प्रसंगवार पत्र, त्यात अभिनयाच्या मुद्द्यांना टेक क्रमांक. वीस-पंचवीस प्रसंगांवर लिहा, उरलेल्यांवर नका लिहू. रचना पक्की असेल, लघुपट दहा-बारा मिनिटांचा असेल किंवा एडिट रूम शिफ्टच्या भाड्यावर असून दोन दिवसांत निर्मात्याला दाखवायचं असेल, तर यादी जास्त कामाची. तिच्यावर लगेच हात चालतो. आरामनगरच्या खोलीत एडिटरशेजारी बसायची सोय असेल तरी पत्र आधी पाठवावं. शेजारी बसल्यावर दिग्दर्शक पडद्यावर दिसेल त्या फ्रेमबद्दल बोलायला लागतो आणि तोंडी यादीच तयार होते.

दुसऱ्या-तिसऱ्या कटनंतर प्रसंग जागेवर बसले की टाइमकोडची यादी आपोआप योग्य ठरते. तेव्हाही डबिंगमध्ये सुधारायची वाक्यं तिच्यात मिसळू नका. त्यांची यादी वेगळी करून साउंडवाल्यांकडे द्या, नाहीतर एडिटर अशा वाक्यासाठी टेक शोधत बसेल जे तुम्ही आधीच पुन्हा बोलून घ्यायचं ठरवलं आहे.