‘दुसरीचंही तसंच करा’: यादीनंतरचा खात्रीचा निरोप, सात महिन्यांचा अनुभव

आमची पावसजवळ हापूसची छोटी बाग आहे. पेट्या घरीच भरतो, मी आणि जाऊबाई. ऑर्डरी व्हॉट्सअॅपवर येतात, आणि गेल्या मोसमापर्यंत माझी पद्धत साधी होती: ऑर्डर आली की आकडे घालून यादी पाठवायची, गिऱ्हाईक काही बदल सांगेल तो करायचा आणि ‘बरं’ म्हणायचं. एप्रिलपासून त्या ‘बरं’ऐवजी मी खात्रीचा निरोप पाठवते. यादीतल्या नक्की कुठल्या ओळीबद्दल बोलणं चाललंय आणि त्या ओळीचं आता काय होणार, हे माझ्या शब्दांत परत लिहायचं, एवढंच. आता ऑक्टोबर चालू आहे. आंबा संपला, मग घराची डागडुजी झाली, गणपती झाले, आणि सगळीकडे हीच सवय चालवली. तिचं खरंखुरं मोजमाप इथे लिहिते.

सुरुवात कशी झाली ते आधी सांगते. पुण्याचे एक काका आमचे जुने गिऱ्हाईक, सासऱ्यांच्या वेळेपासूनचे. त्यांनी तीन नातेवाइकांसाठी पेट्या सांगितल्या. मी यादी पाठवली:

१. कोथरूड – ४ डझन, कच्चा
२. ठाणे – २ डझन, कच्चा
३. नाशिक – ४ डझन, कच्चा

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा निरोप आला, ‘पहिलीत अर्धे तयार घाला, अर्धे कच्चे.’ मी ‘बरं काका’ लिहिलं. तासाभराने पुन्हा आला, ‘दुसरीचंही तसंच करा.’ मी पुन्हा ‘बरं काका’.

जाऊबाई पेटीत पेंढा घालत होती. ती म्हणाली, “पहिलीत दोन डझन तयार घातलेत. दुसरी पेटीच दोन डझनची. मग सगळेच तयार घालायचे काय गो?” आम्ही दोघींनी त्यावर विचार केला आणि अर्धे म्हणजे अर्धेच, असं ठरवून ठाण्याच्या पेटीत एक डझन तयार आणि एक डझन कच्चे भरले. तयार फळ वरच्या थरात, म्हणजे दबत नाही. संध्याकाळच्या गाडीने पेट्या गेल्या. किती घालायचे यावर आम्ही बोललो, पण दुसरी पेटी कुठली, हा प्रश्न दोघींच्याही मनात आला नाही.

काकांना नाशिकची पेटी म्हणायची होती. त्यांच्या डोक्यात चार डझनच्या दोन मोठ्या पेट्या होत्या. त्यातल्या एकीचं बोलून झालं, म्हणून ‘दुसरी’ म्हणजे ती राहिलेली. नाशिकला रविवारी सत्यनारायणाची पूजा होती आणि तिथे चार डझन कच्चा आंबा पोचला. ठाण्याची मंडळी आठवडाभर गावाला जाणार होती, म्हणूनच त्यांनी कच्चा मागितला होता. ती परत आली तेव्हा तयार आंबे गेलेले होते आणि त्यांच्या संगतीने कच्चेही वेळेआधी पिकले होते. पिकलं फळ शेजारच्याला लवकर पिकवतं, हे आम्हाला सांगायला नको. मी दोन्ही घरांना नवी पेटी पाठवली. काका रागावले नाहीत. पण ‘मी दुसरी म्हटलं होतं ना?’ असं त्यांनी विचारलं, आणि ते खरंच होतं.

ही गोष्ट मला बरेच दिवस टोचत राहिली, कारण चूक कोणाची ते सापडेना. मग लक्षात आलं की मराठीतला ‘दुसरा’ हा शब्द दोन कामं करतो. पहिला, दुसरा, तिसरा यातला तो क्रम आहे, आणि ‘हा नको, दुसरा दाखवा’ यात तो ‘वेगळा, उरलेला’ आहे. आकडे घातलेल्या यादीखाली कोणी ‘दुसरी’ लिहिलं की वाचणाऱ्याचं लक्ष आकड्याकडे जातं. लिहिणाऱ्यासमोर मात्र यादी असतेच असं नाही. त्याच्या मनात माणसं असतात: मावशीची पेटी, मुलीच्या सासरची पेटी.

‘दोन नंबरची’ म्हणावं तर आमच्या धंद्यात ते आणखी वाईट. दोन नंबरचा माल म्हणजे हलक्या प्रतीचा. एका बाईंना मी फोनवर ‘तुमची दोन नंबरची पेटी उद्या निघेल’ म्हटलं, तर त्या चमकल्याच. “आम्ही एक नंबरचे पैसे दिलेत हो,” म्हणाल्या. तेव्हापासून तोंडी बोलताना मी आकडा एकटा उच्चारत नाही.

‘तसंच’ या शब्दातही खड्डा आहे. ‘तसंच करा’ म्हणजे त्या पहिल्यासारखं करा. ‘तसंच ठेवा’, ‘तसंच राहू दे’ म्हणजे आहे त्याला हात लावू नका. घाईत टाईप करताना माणूस नुसतं ‘दुसरीचं तसंच’ एवढंच लिहितो, आणि दोन उलटे अर्थ एका ओळीत येऊन बसतात. शिवाय ‘तसंच’मधलं नक्की काय उचलायचं? काकांच्या निरोपात अर्धं हे प्रमाण होतं की दोन डझन ही संख्या? पत्ता, वजन, पाठवायचा दिवस यातलं काय पहिलीचं घ्यायचं आणि काय त्या पेटीचं स्वतःचं ठेवायचं? सांगणाऱ्याला हे उघड वाटतं, म्हणून तो सांगत नाही.

माझा पुतण्या बोटीवर आहे. हे सगळं ऐकून तो म्हणाला, “काकी, आमच्याकडे याला नियमच आहे.” आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २००१ मध्ये बोटींवरच्या बोलण्यासाठी ठरावीक वाक्यं मंजूर केली. त्यात असं आहे की रेडिओवर सूचना मिळाली आणि ती मान्य असेल, तर नुसतं हो म्हणायचं नाही. ‘मी करतो’ म्हणून ती सूचना पूर्ण परत बोलायची. समोरच्याला आपलंच वाक्य ऐकू येतं आणि चूक असेल तर तो तिथेच अडवतो. मी तेच घरी आणलं.

काकांच्या निरोपाला आज मी असं उत्तर देईन: ‘काका, दुसरी म्हणजे ठाण्याची, २ डझनवाली. तिच्यात १ डझन तयार आणि १ डझन कच्चे भरते. संध्याकाळच्या गाडीला देते. बरोबर ना?’

यातली प्रत्येक गोष्ट चुकून चुकून शिकले आहे. आधी मी ‘दुसरी म्हणजे २ नंबरच ना?’ असं विचारायचे. त्याचा उपयोग नाही. ज्याच्या मनात नाशिक आहे तोही ‘हो, दुसरीच’ म्हणतो, कारण त्याचाच शब्द आपण त्याला परत दिलेला असतो. त्याच्या निरोपात न आलेली खूण द्यावी लागते: गाव, माणूस, डझन. ‘ठाणे’ हा शब्द दिसला की काका लगेच ‘नाही नाही, नाशिक’ लिहितात.

मग मी ‘ठाण्याची की नाशिकची?’ असं विचारू लागले. त्यावर ‘हो’ असं उत्तर आलं. एकदा नव्हे, तीनदा. लोक प्रवासात, कामात असतात, अर्धं वाचून उत्तर देतात. म्हणून आता माझा जो अंदाज असेल तो एकच लिहिते आणि तो बरोबर आहे का विचारते. चूक असेल तर माणूस सुधारतोच.

तिसरी गोष्ट म्हणजे ‘तसंच’ हा शब्द माझ्या उत्तरात येऊ द्यायचा नाही. त्या जागी होणारं काम आकड्यानिशी लिहायचं. जाऊबाईचा ‘सगळेच तयार काय’ हा प्रश्न असल्या उत्तराने आपोआप सुटला असता.

यादीच्या बाबतीतही दोन बदल केले. कोणी पेटी रद्द केली तर पूर्वी मी ती ओळ काढून यादी नव्याने पाठवायचे. मग तिसरीची दुसरी व्हायची, आणि गिऱ्हाईक वरची जुनी यादी बघून बोलायचं. आता ओळ जागेवर ठेवून पुढे ‘रद्द’ लिहिते, आकडे हलवत नाही. दुसरं असं, की व्हॉट्सअॅपवर निरोप धरून उत्तर दिलं तर अख्खी यादी धरली जाते, तिच्यातली एक ओळ नाही. म्हणून जिथे बदल येणार हे दिसतं तिथे मी प्रत्येक पेटीचा वेगळा निरोप पाठवते. तीन-चार पेट्यांना हे चालतं. मे महिन्यात एकाच माणसाच्या अकरा पेट्या होत्या, तेव्हा त्याचा फोन वाजून वाजून तो वैतागला. तिथे यादीच बरी, पण प्रत्येक ओळीत गाव हवंच.

या पद्धतीचा तोटाही आहे. प्रत्येक गोष्टीची खात्री करत बसलं की समोरचा तुमचे निरोप वाचणं सोडतो आणि डोळे मिटून ‘हो’ पाठवतो. मग खरी शंका त्याच ढिगात बुडते. आमच्या शेजारच्या आजी तर स्पष्ट म्हणाल्या, “किती वेळा विचारशील गो?” त्यामुळे मी आता निवड करते. यादीत एकच गोष्ट बसत असेल आणि काम मागे फिरवता येण्यासारखं असेल, तर विचारत नाही. ‘ठाण्याच्या पेटीत अर्धे तयार भरतेय’ एवढं कळवते आणि भरायला घेते. पेटी उघडी आहे तोवर आंबे बदलता येतात. पण दोन ओळी सारख्या दिसत असतील, किंवा पेटीला खिळे मारून ती गाडीत चढणार असेल, तर उत्तर येईपर्यंत थांबते. उत्तर आलं नाही तर फोन करते.

जूनच्या आधी घराची कामं काढली, तेव्हा सुताराला यादी दिली: १. ओटीची खिडकी, २. माजघराची खिडकी, ३. न्हाणीचं दार. ओटीची खिडकी खरवडून दोन हात रंग, असं सांगितलं. मग न्हाणीचं दार बघताना म्हटलं की याची खालची फळी कुजलीय, नवी घाला आणि कडी बदला. आणि जाता जाता, “दुसऱ्याचंही तसंच करा हो दादा.”

आमचे सुतारदादा आंब्याच्या दिवसांत पेट्या ठोकायला येतात, त्यामुळे त्यांनी माझा खात्रीचा सोस जवळून पाहिलेला. ते थांबले आणि म्हणाले, “वहिनी, दुसरं म्हणजे माजघराची खिडकी. तिची खालची फळी काढून नवी घालतो, कडी बदलतो. बरोबर?” मला रंग म्हणायचा होता. त्या खिडकीची फळी चांगली सागाची, सासऱ्यांनी घातलेली आहे. त्यांनी ‘तसंच’ हे शेवटच्या बोलण्याला जोडलं, मी पहिल्या खिडकीला जोडत होते. त्यांच्या जागी कोणीही तसंच समजलं असतं. मी ‘नाही, फक्त खरवडून दोन हात रंग, फळीला हात लावू नका’ म्हटलं, आणि त्यांनी तेही परत बोलून दाखवलं.

पुढच्या मोसमासाठी एकच भर घालणार आहे. पेटी ठोकण्याआधी जाऊबाई झाकणावर खडूने गाव आणि आतला माल लिहील, आणि तो फोटो गिऱ्हाइकाला जाईल. काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “फोटो कोथरूडचा आधी पाठव, मग नाशिकचा.” मी लगेच लिहिलं, ‘आधी कोथरूड, मग नाशिक, ठाण्याचा सगळ्यात शेवटी. बरोबर ना काका?’ त्यांचं उत्तर आलं, ‘ठाणे या वर्षी नको.’