‘टुडे ओन्ली’, ‘टुडे इटसेल्फ’ की नुसतं ‘टुडे’?

नागपूरच्या मिहानमधल्या एखाद्या ऑफिसातून इंग्लंडच्या ग्राहकाला मेल जातो : ‘वुई विल सेंड द ड्रॉइंग टुडे ओन्ली.’ लिहिणाऱ्याच्या मनात असतं, ‘आजच पाठवतो, उद्यावर ढकलत नाही.’ वाचणाऱ्याला मात्र त्यातून ‘फक्त आज पाठवू, नंतर नाही’ असं कळू शकतं. दुकानाच्या सेलवर ‘टुडे ओन्ली’ लिहितात ते याच अर्थानं.

घोळ आपल्या ‘च’चा आहे. तो एकटा तीन-चार कामं करतो, ‘ओन्ली’ मुळात एकच करतं. म्हणून लिहिण्याआधी ‘च’ काढून तिथे ‘फक्त’ बसवून बघा. ‘दोनच प्रती हव्यात’ म्हणजे ‘फक्त दोन प्रती हव्यात’. अर्थ तोच राहिला, तर बिनधास्त ‘ओन्ली टू कॉपीज’ लिहा, पण शब्द आकड्याच्या आधी ठेवा. ‘आजच पाठवतो’चं ‘फक्त आज पाठवतो’ केलं की अर्थ फिरतो, तेव्हा तिथे ‘ओन्ली’ नको.

मग ‘टुडे इटसेल्फ’ बरं का? गैरसमज कमी होतो, कारण ‘फक्त’ची छटा त्यात नाही. पण वेळेच्या शब्दामागे ‘इटसेल्फ’ लावणं ही आपल्याकडची लकब. बाहेरच्याला अर्थ लागतो, कानाला मात्र खटकतं. ग्राहकाला नुसतं ‘टुडे’ पुरतं. बोलताना त्यावर आवाजाचा जोर देता येतो, कागदावर तो दिसत नाही. तिथे वेळच लिहून टाका : ‘बाय सिक्स धिस इव्हिनिंग, इंडियन टाइम’. कोणत्याही ‘च’पेक्षा हे पक्कं. ‘फ्रॉम द बिगिनिंग इटसेल्फ’ऐवजी ‘राइट फ्रॉम द बिगिनिंग’, ‘फर्स्ट अटेम्प्ट इटसेल्फ’ऐवजी ‘द व्हेरी फर्स्ट अटेम्प्ट’.

गावाच्या नावापुढे मात्र ‘इटसेल्फ’ला घाईनं कात्री लावू नका. ‘द फॅक्टरी इज इन बुटीबोरी, बट द ऑफिस इज इन नागपूर इटसेल्फ’ हे वाक्य कुठल्याही इंग्रजीत चालतं, कारण आजूबाजूचं नाही, खुद्द शहर, असा फरक त्यात खरोखर आहे. असा फरक सांगायचा नसेल, नुसतं ‘इथंच, नागपुरातच राहतो’ म्हणायचं असेल, तर ‘राइट हिअर इन नागपूर’ घ्या.

भूतकाळात आणखी एक खाच आहे. ‘पैसे सोमवारीच मिळाले’ म्हणजे लवकर मिळाले. ‘ओन्ली ऑन मंडे’ लिहिलंत तर ‘थेट सोमवारी, त्याआधी नाही’ अशी तक्रार होते, आणि वेळेत पैसे देणारा ग्राहक विनाकारण दुखावतो. ‘ऑलरेडी ऑन मंडे’ही अवघडलेलं वाटतं, ‘द पेमेंट केम इन ऑन मंडे, थँक यू’ एवढंच लिहा.

सीताबर्डीत मित्रांशी बोलताना यातलं काहीच बदलायची गरज नाही. ‘शी इज लाइक दॅट ओन्ली’ला ‘दॅट्स जस्ट हाऊ शी इज’ हा पर्याय आहे खरा, पण चहाच्या टपरीवर तोच जास्त परका वाटेल.