लाँचआधी एकच तास मिळाला तर: रिस्क रजिस्टर की प्री-मॉर्टेम?

लाँचला पंधरा दिवस उरलेत आणि सगळी टीम एकत्र बसेल असा एकच तास मिळतोय. तो रिस्क रजिस्टर, म्हणजे धोक्यांचा तक्ता, भरण्यात घालवायचा की प्री-मॉर्टेमला, म्हणजे काम फसलंय असं धरून कारणं शोधण्याच्या बैठकीला, द्यायचा? दोन्ही वापरून माझा कल एका बाजूला झुकलाय. तरी दुसरी बाजू टाकाऊ आहे असं मुळीच नाही.

रजिस्टरची रीत सगळ्यांना ठाऊक आहे. धोका लिहायचा, शक्यतेला आणि परिणामाला १ ते ५ गुण द्यायचे, गुणाकारावरून रंग ठरवायचा. काम वर्षभर चालणार असेल, किंवा क्लायंट दर महिन्याला ‘याचं पुढे काय झालं?’ विचारणार असेल, तर रजिस्टर लागतंच.

मला नडली ती गुणांवरची घासाघीस. समजा १५ पासून लाल रंग सुरू होतो. शक्यता ३, परिणाम ५, म्हणजे लाल. आणि लाल म्हणजे वरिष्ठांकडे खुलासा. मग कुणीतरी हळूच म्हणतं, ‘परिणाम ४ धरूया ना.’ झाले १२, रंग पिवळा, पुढचा विषय. धोका होता तिथेच असतो. एका ओळीवर दहा मिनिटं जातात आणि जो धोका कुणी बोललंच नाही, तो यादीत येतच नाही. ‘काही अडचण दिसतेय का?’ या प्रश्नाला लाँचच्या तोंडावर ‘नाही’ हेच सोयीचं उत्तर असतं. ‘हो’ म्हणणारा अपशकुनी ठरतो.

प्री-मॉर्टेममध्ये प्रश्नच उलटा असतो. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त ही पद्धत मांडली. काम फसलंय हे आधीच मान्य करायचं आणि फक्त कारणं शोधायची. इथे अडचण सांगणारा अपशकुनी ठरत नाही, कारण सगळ्यांना तेच काम दिलेलं असतं.

उदाहरण घेऊ. शाळेच्या ॲपमध्ये १ जूनपासून फी भरता येणार आहे. मेच्या मध्यावर आठ जण बसलेत. बैठक चालवणारा शक्यतो प्रोजेक्टबाहेरचा असावा. तो म्हणतो, ‘आज १५ जुलै आहे. फीची सोय सपशेल फसली, शाळेने पुन्हा रोख घ्यायला सुरुवात केली. का?’ वाक्य भूतकाळातच हवं. ‘फसू शकेल का?’ असं विचारलं की गाडी पुन्हा जुन्या रुळावर जाते. मग पाच मिनिटं कुणीही बोलायचं नाही, प्रत्येकाने कागदावर किमान तीन कारणं लिहायची. त्यानंतर एका फेरीत प्रत्येकाने एकच कारण वाचायचं. क्लाइन यांच्या मांडणीत सुरुवात प्रोजेक्ट मॅनेजर करतो. मी सर्वांत नव्या माणसापासून करेन. साहेबांनी मवाळ कारण वाचलं की आपल्याकडे पुढचे कागदही मवाळ होतात.

पहिली कारणं ढोबळ येतात: ‘समन्वय कमी पडला.’ तिथे थांबू नका. नेमकं कुणाला, कोणत्या दिवशी, काय दिसलं, हे विचारा. मग बाहेर येतं: ‘१ जूनला पालकांना ओटीपी गेलाच नाही.’ भारतात असे एसएमएस जाण्यासाठी मजकुराचा टेम्प्लेट डीएलटी या टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर मंजूर असावा लागतो आणि पाठवलेला मजकूर त्याच्याशी जुळावा लागतो. नाही जुळला तर मेसेज अडतो. इथे शेवटच्या आठवड्यात मजकुरात शाळेचं नाव घातलं, टेम्प्लेट जुनाच राहिला. चाचणीत ठरावीक ओटीपी वापरत असल्याने कुणाला कळलंच नाही. डेव्हलपरला वाटलं मंजुरी मार्केटिंग बघतंय, मार्केटिंगला वाटलं डेव्हलपर. मदतकक्षातल्या बाई वेगळंच लिहितात: यूपीआय व्यवहार ‘पेंडिंग’ दिसला, पालकाने पुन्हा बटण दाबलं, फी दोनदा कापली गेली. हे त्यांनाच सुचणार, कारण फोन त्यांनाच येणार.

यादी तीसेक कारणांची होते, आणि बैठक बहुधा इथेच वाया जाते. सगळ्यांना मन मोकळं केल्याचं समाधान, हातात काही नाही. म्हणून शेवटची वीस मिनिटं राखून ठेवा. प्रत्येकाला तीन मतं द्या, वरची चार कारणं घ्या, आणि प्रत्येकापुढे एक नाव, एक तारीख व बिघाडाची पहिली खूण लिहा. ओटीपीसाठी: २० मेपर्यंत वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार सिमवर खरा मेसेज मागवून बघायचा. एकावर जरी आला नाही, तरी तीच खूण.

एक मर्यादा मात्र खरी आहे. कारण जितकं चित्रमय, तितकी त्याला मतं जास्त. शक्यतेचा अंदाज या पद्धतीतून मिळत नाही. आणि लाँच उद्यावर आलं असेल तर प्री-मॉर्टेम घेऊ नका. दुरुस्तीला वेळ नसताना काढलेली यादी फक्त झोप उडवते. रजिस्टर सक्तीचं असेल, तर ही चार कारणं त्यात पहिल्या चार ओळी म्हणून उतरवा. गुण काय द्यायचे ते नंतर एकट्याने बसून ठरवता येतं, त्याला आठ माणसं लागत नाहीत.