लिफ्टची ‘सर्वसमावेशक’ एएमसी : 9 महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

लिफ्ट 8 थांब्यांची, गिअरलेस मशीनची, दरवाजे स्वयंचलित. एएमसी म्हणजे देखभालीचा करार वर्षाचा, ‘सर्वसमावेशक’ प्रकारचा, म्हणजे महिन्याची सर्व्हिस, बिघाडाचे कॉल आणि सुटे भाग हे सगळं एकाच ठरलेल्या रकमेत. 9 महिन्यांत कॉल रजिस्टरमध्ये 15 नोंदी झाल्या: 7 दरवाज्यांच्या, 5 ड्राइव्हच्या म्हणजे मोटरला वीज देऊन तिचा वेग सांभाळणाऱ्या यंत्राच्या, उरलेल्या किरकोळ. मत आधीच सांगून टाकायचं तर टेक्निशियन चांगले आहेत, कागद तितका चांगला नाही. सर्वसमावेशक हा शब्द पहिल्या पानावर ठळक आहे, आणि अपवादांची यादी शेवटच्या पानावर बारीक अक्षरात.

प्रतिसादाच्या वेळेपासून सुरुवात करू, कारण सही करताना सगळ्यांचं लक्ष तिथेच असतं. माणूस आत अडकला असेल तर 45 मिनिटं, दिवस असो वा रात्र. हे कलम आजवर पाळलं गेलंय. लिफ्ट नुसती बंद पडली असेल तर 4 तास, पण मोजणी फक्त सकाळी 9 ते संध्याकाळी 6 या वेळेत. रात्री 8 वाजता लिफ्ट बंद पडली तर घड्याळ सुरू होतं दुसऱ्या दिवशी सकाळी 9 ला, आणि दुपारी 1 वाजता आलेला माणूस कराराप्रमाणे वेळेवरच आलेला असतो. लिफ्ट तोवर 17 तास बंद. शिवाय प्रतिसाद म्हणजे माणूस पोहोचणं. लिफ्ट चालू होण्याला मुदतच नाही. तिसरी अडचण आणखी बारीक आहे. टेक्निशियनच्या मोबाइलवर थेट केलेला फोन कॉल म्हणून धरलाच जात नाही, कंपनीकडून कॉल नंबर मिळाला की मगच वेळ मोजली जाते. म्हणून रजिस्टरमध्ये चार रकाने हवेतच: कॉल नंबर मिळाल्याची वेळ, माणूस आल्याची वेळ, लिफ्ट चालू झाल्याची वेळ, आणि लिफ्ट कोणत्या मजल्याजवळ कोणत्या दिशेने जाताना थांबली. या शेवटच्या रकान्याचं मोल पुढे कळेल.

दरवाज्यांच्या 7 कॉलपैकी 5 तळमजल्याचे. दर वेळी सर्व्हिस रिपोर्टवर एकच ओळ: ‘डोअर लॉक कॉन्टॅक्ट साफ केला.’ लॉकचा हूक बसला की हा कॉन्टॅक्ट जुळतो आणि सुरक्षा सर्किट पूर्ण होतं. चालत्या लिफ्टमध्ये तो क्षणभर जरी सुटला तरी लिफ्ट जागच्या जागी थांबते. साफ केल्यावर दोन आठवडे बरे जायचे, कारण मूळ दुखणं कॉन्टॅक्टमध्ये नव्हतंच. पल्ल्याला खालून सरळ धरणारे शू झिजले होते आणि ते ज्यात सरकतात त्या उंबऱ्याच्या, म्हणजे सिलच्या, खाचेत माती साचत होती, त्यामुळे पल्ला हलायचा आणि हूक नीट बसायचा नाही. बंद पल्ला खालच्या कडेला हाताने हलका ढकलून पाहिला की शेजारच्या मजल्यापेक्षा तो जास्त डुलतो हे लगेच जाणवतं. शू बदलून, पल्ला वरून ज्यावर टांगलेला असतो त्या हँगरचे रोलर नीट बसवल्यावर तळमजल्याचा एकही कॉल आलेला नाही. शू करारातच होते, पण भाग बदलण्यापेक्षा कॉन्टॅक्ट पुसून निघणं सोपं, आणि तोच बिघाड पुन्हा आला तर काय करायचं याचं कलम करारात नाही.

खरी परीक्षा ड्राइव्हने घेतली. लिफ्ट मध्येच थांबायची आणि डिस्प्लेवर ‘ओव्हरव्होल्टेज’ दिसायचं. पाचव्या वेळी कंपनीचं पत्र आलं: पुरवठ्यातल्या चढउतारामुळे ड्राइव्ह खराब, हा अपवादातला बिघाड, नव्या ड्राइव्हचं कोटेशन सोबत. ते मंजूर होईपर्यंत लिफ्ट बंद.

इथे रजिस्टरचा चौथा रकाना कामी आला. 5 पैकी 4 वेळा लिफ्ट रिकामी किंवा एकाच माणसाला घेऊन वर जाताना थांबली होती, एकदा भरून खाली येताना. भरून वर जाताना एकदाही नाही. यात संगती आहे. दोरांच्या दुसऱ्या टोकाला टांगलेलं वजन, म्हणजे काउंटरवेट, रिकाम्या केबिनपेक्षा जड असतं, त्यामुळे रिकामी केबिन वर जाताना काउंटरवेटच तिला ओढतं, मोटर जनरेटरसारखी वागते आणि वीज उलट ड्राइव्हमध्ये येते. भरलेली केबिन खाली येतानाही तेच. ही जादा वीज ब्रेकिंग रेझिस्टरमध्ये उष्णता बनून जिरते. ती जिरली नाही तर ड्राइव्हच्या आतला डीसी व्होल्टेज चढतो आणि तोच ‘ओव्हरव्होल्टेज’ डिस्प्लेवर येतो. बाहेरचा पुरवठा तेव्हा अगदी ठीक असू शकतो. पुरवठाच दोषी असता तर लिफ्टने भार आणि दिशा पाहून थांबायची जागा निवडली नसती.

वायरमनने मेन स्विचवर तिन्ही फेजचा व्होल्टेज दोन दिवस नोंदवला, तो स्थिर होता. मग कंपनीच्या वरिष्ठ इंजिनिअरला रेझिस्टर तपासायला लेखी सांगितलं. एका टर्मिनलवर वायर जोडणारा लग जळून सैल झालेला निघाला; कधी जोडला जायचा, कधी नाही. लग आणि वायरचा तुकडा बदलला, ड्राइव्ह तोच आहे, त्यानंतर एकदाही ट्रिप नाही. (हे मोजमाप स्वतः करायला जाऊ नये. मेन बंद केल्यावरही ड्राइव्हमध्ये काही मिनिटं धोकादायक व्होल्टेज राहतो, आणि रेझिस्टर भाजेल इतका तापलेला असतो.) कोटेशन कंपनीने मागे घेतलं. लबाडी होती असं म्हणवत नाही, डिस्प्लेवरचा शब्द वाचून अपवादाचं कलम लावलं गेलं इतकंच. पण ‘चढउतार’ सिद्ध कोणी करायचा, हे करारात कुठेही नव्हतं.

अपवादांत एआरडीची बॅटरीही आहे. वीज गेल्यावर लिफ्टला जवळच्या मजल्यावर नेऊन दार उघडणारं ते यंत्र करारात, त्याची बॅटरी मात्र बाहेर. बॅटरी मेली की वीज जाण्याची प्रत्येक वेळ माणूस अडकल्याचा कॉल ठरू शकते. महिन्याच्या सर्व्हिसला रिकामी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये असताना मेन बंद करून चाचणी घ्यायला लावावी आणि निकाल रिपोर्टवर लिहून घ्यावा.

पैसे तिमाही आगाऊ. बंद काळाची वजावट आहे, पण पहिले 72 तास सोडून, आणि वार्षिक रकमेच्या 365 व्या भागाने. ड्राइव्हच्या वादात लिफ्ट 9 दिवस बंद होती, म्हणजे 6 दिवसांची वजावट मिळाली: वर्षाच्या रकमेच्या जेमतेम 1.6 टक्के. त्याने कोणालाच घाई होत नाही. तिमाहीचा हप्ता म्हणजे 25 टक्के, पण तो आधीच दिलेला. उशीर केला तर 15 दिवसांनी सेवा थांबवण्याचं कलम आहे, त्यामुळे अडवून धरण्यातही अर्थ नाही.

नूतनीकरणासाठी कंपनीला दिलेल्या मसुद्यात चार बदल आहेत. हप्ता तिमाही संपल्यावर, तिन्ही सर्व्हिस रिपोर्ट आणि कॉल रजिस्टर जोडून. लिफ्ट चालू करण्याची मुदत 24 तास, मोठा भाग मागवायचा असेल तर तो कधी येणार हे लेखी. एकाच मजल्यावर तोच बिघाड 30 दिवसांत तिसऱ्यांदा आला तर वरिष्ठ इंजिनिअरची तपासणी आणि लागेल तो भाग कंपनीच्या खर्चाने. आणि चढउताराचा अपवाद लावायचा तर मेन स्विचवरची मोजलेली नोंद दाखवण्याची जबाबदारी कंपनीची. पहिला आणि तिसरा त्यांनी मान्य केलाय, 24 तासांऐवजी ते 48 म्हणतायत, चौथ्यावर उत्तर यायचंय. मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी लेखी कळवलं नाही तर जुना करार आहे तसाच वर्षभर पुढे जातो, म्हणून करार न वाढवण्याची नोटीस मसुद्यासोबतच देऊन ठेवली आहे.